आकाशाचा रंग

स्वच्छ दिवशी आकाश निळे दिसते आणि सूर्योदय व सूर्यास्ताच्या सुमारास सूर्यबिंबासह क्षितिजाजवळचा भाग पिवळा, नारिंगी किंवा तांबडा दिसतो. या दोन्ही दृश्यांचे मूळ एकच आहे. हवेचे रेणू सूर्यप्रकाशातील निळा भाग तांबड्या भागापेक्षा अधिक प्रमाणात इतस्ततः विखरून टाकतात. विखुरलेला प्रकाश डोळ्यांत आला की आकाश निळे दिसते; विखुरण्यातून वाचलेला प्रकाश डोळ्यांत आला की मावळता सूर्य तांबडा दिसतो. प्रकाशाच्या अशा विखुरण्याला ‘प्रकीर्णन’ म्हणतात. शालेय पुस्तकांत यासाठी ‘विकिरण’ हा शब्दही आढळतो.

## प्रकीर्णन

आकाश ही रंगवलेली वस्तू नव्हे. चंद्रावर वातावरण जवळजवळ नसल्यामुळे तेथे भर दुपारीही आकाश काळे दिसते. पृथ्वीवर आपण सूर्याकडे पाठ करून वर पाहिले, तर त्या दिशेला प्रकाशाचा कोणताही स्वतंत्र उगम नसतो. तरीही तिकडून प्रकाश येतो. तो सूर्याचाच असतो. सूर्यापासून सरळ निघालेला किरण वाटेत हवेच्या रेणूंना भेटतो आणि त्याचा अल्पसा अंश दिशा बदलून आपल्याकडे वळतो.

हे कसे घडते, हे समजण्यासाठी प्रकाश ही विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट आहे, एवढे लक्षात घेणे पुरेसे आहे. नायट्रोजनच्या वा ऑक्सिजनच्या रेणूवरून ही लाट गेली की तिच्या विद्युत् क्षेत्रामुळे रेणूतील इलेक्ट्रॉन किंचित मागेपुढे हलू लागतात. हलणारा विद्युत् भार स्वतःच लाटा सोडतो. त्यामुळे तो रेणू एखाद्या सूक्ष्म दिव्याप्रमाणे आजूबाजूला प्रकाश टाकतो. या प्रकाशाची वारंवारता मूळ प्रकाशाइतकीच असते, म्हणजे रेणू नवा रंग निर्माण करीत नाही. आलेल्या प्रकाशातील कोणता रंग किती वळवायचा, एवढेच तेथे ठरते.

लाट जितकी जलद, तितके इलेक्ट्रॉनचे हेलकावे जलद आणि तितका त्यांनी सोडलेला प्रकाश तीव्र. वारंवारता दुप्पट झाली तर इलेक्ट्रॉनचा त्वरण चौपट होतो, आणि सोडलेल्या लाटेची उंची त्वरणाच्या प्रमाणात असल्यामुळे तीही चौपट होते. प्रकाशाची तीव्रता मात्र लाटेच्या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ती सोळापट होते. हाच नियम तरंगलांबीच्या भाषेत पुढीलप्रमाणे लिहिला जातो :

I ∝ 1/λ⁴

येथे I ही विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता आणि λ ही तरंगलांबी होय. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची सुमारे ६५० नॅनोमीटर धरली, तर त्यांचे गुणोत्तर केवळ १.४४ येते; पण त्याचा चौथा घात ४.३५ होतो. म्हणजे हवेचा रेणू तांबड्याच्या तुलनेत निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरतो. हा नियम लागू होण्यासाठी विखुरणारा कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान असावा लागतो. हवेच्या रेणूचा आकार नॅनोमीटरच्या एकतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने ही अट सहज पूर्ण होते.

## आकाश जांभळे का दिसत नाही

हा नियम वाचल्यावर चौकस विद्यार्थी लगेच एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे : जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्याहूनही कमी आहे, तर मग आकाश जांभळे दिसायला हवे. प्रत्यक्षात आकाशातून जांभळा प्रकाश येतोच. परंतु सूर्यप्रकाशात मुळात जांभळ्याचे प्रमाण निळ्यापेक्षा कमी असते आणि मानवी डोळाही जांभळ्या टोकाला फारसा संवेदनशील नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकाशाचा प्रकाश हा एकाच रंगाचा नसतो. त्यात सर्व रंग असतात; फक्त त्यांचे प्रमाण निळ्या बाजूला झुकलेले असते. डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशी या मिश्रणाला जो एकत्रित प्रतिसाद देतात, तो शुद्ध निळ्यात पांढरा मिसळल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादासारखा असतो. म्हणून आकाशी रंग हा गडद निळा नसून फिकट, दुधाळ छटेचा निळा वाटतो. ‘आकाशी’ हा मराठी शब्द या छटेला अगदी नेमका बसतो.

दिवसाही संपूर्ण आकाश सारखे निळे नसते. माथ्यावर ते सर्वांत गडद आणि क्षितिजाकडे फिकट, पांढुरके होत जाते. क्षितिजाकडे पाहताना नजर फार मोठ्या जाडीच्या हवेतून जाते. तेवढ्या हवेत प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, लांबून येणारा निळा वाटेत गळतो, आणि सर्व रंगांचे प्रमाण जवळपास समान होऊन पांढरेपणा येतो. याउलट उंच ठिकाणी हवा विरळ व स्वच्छ असल्याने निळा रंग गडद होतो. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. तेथील आकाशाचा गडदपणा मैदानी प्रदेशातून गेलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवतो.

## मावळता सूर्य : एक हिशेब

सूर्य माथ्यावर असताना त्याचा प्रकाश वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापतो. या जाडीला एक ‘वायुभार’ मानू. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की प्रकाशाची वाट सुमारे ५.६ वायुभार होते, आणि सूर्य क्षितिजाला टेकला की ती सुमारे ३८ वायुभार होते. पृथ्वीचा गोलावा नसता तर क्षितिजावर ही वाट अनंत झाली असती. गोलाव्यामुळे ती ३८ पटींवर थांबते.

आता पूर्णपणे धूळरहित हवा आहे अशी कल्पना करून समुद्रसपाटीवर कोणता रंग किती शिल्लक राहतो ते पाहता येते. सूर्य माथ्यावर असताना निळ्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे ८० आणि तांबड्याच्या १०० भागांपैकी सुमारे ९५ भाग सरळ खाली पोहोचतात. फरक लहान असल्याने सूर्य जवळजवळ पांढराच राहतो. निळ्याचे जे २० भाग वाटेत वळले, त्यांपासूनच दुपारचे निळे आकाश तयार होते.

सूर्य १० अंशांवर येतो तेव्हा, म्हणजे मुंबईत मार्च किंवा सप्टेंबरमध्ये सूर्यास्तापूर्वी साधारण पाऊण तास आधी, निळ्याचे २९ आणि तांबड्याचे ७६ भाग उरतात. ऊन पिवळसर होते. यालाच आपण ‘कोवळे’ किंवा ‘सोनेरी’ ऊन म्हणतो. सूर्य क्षितिजावर टेकला की तांबड्याचे १०० पैकी १५ भाग, हिरव्याचे अडीच भाग आणि निळ्याचे १०,००० पैकी केवळ २ भाग उरतात. माथ्यावर तांबडा व निळा जवळपास बरोबरीने येत होते. क्षितिजावर तांबडा निळ्याच्या सुमारे ७०० पट होतो. जाडी ३८ पट वाढली म्हणून निळा ३८ पटींनी घटला, असे होत नाही. प्रत्येक वायुभार उरलेल्या प्रकाशातून ठरावीक हिस्सा काढून घेतो. त्यामुळे घट गुणाकाराने होत जाते. सूर्यास्ताचा रंग इतक्या झपाट्याने बदलतो त्याचे कारण हेच.

निळा प्रकाश नाहीसा मात्र होत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर मावळताना दिसणारा किरण त्याआधी अरबी समुद्रावरील हवेच्या दाट थरातून जवळजवळ आडवा, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आलेला असतो. त्या पट्ट्यात, जेथे सूर्य मावळायला अजून थोडा अवधी असतो, तेथील खलाशाला दिसणाऱ्या निळ्या आकाशात मुंबईच्या सूर्यातून वजा झालेल्या निळ्याचा वाटा असतो.

सूर्याभोवतीचे आकाश व ढग रंगतात ते याच उरलेल्या प्रकाशाने. ढगातील पाण्याचे थेंब तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे असल्याने ते रंगांत निवड करीत नाहीत. त्यांच्यावर पडणारा प्रकाश जसा असेल तसा ते दाखवतात. म्हणून दुपारी ढग पांढरे आणि सायंकाळी केशरी दिसतात. सूर्य बुडाल्यानंतर खालचे ढग आधी काळवंडतात आणि उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग काही मिनिटे गुलाबी राहतात, कारण त्या उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसतो.

## संधिप्रकाशातील निळेपणा व ओझोन

सूर्य मावळल्यानंतर पश्चिम क्षितिज तांबडे असले तरी माथ्यावरचे आकाश निळेच राहते, किंबहुना अधिक गडद निळे होते. दीर्घकाळ हेही केवळ प्रकीर्णनाचे फळ मानले जाई. परंतु वरील हिशेब येथे लावून पाहिला की अडचण उभी राहते. माथ्यावरच्या हवेला या वेळी जो प्रकाश मिळतो, तो वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करून आलेला, निळा बराचसा गमावलेला असतो. अशा प्रकाशाने उजळलेले आकाश पिवळट किंवा राखी दिसायला हवे.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ साली हा हिशेब करून दाखवले की येथे ओझोनचा सहभाग आहे. ओझोन वायू अतिनील किरण शोषतो हे सर्वश्रुत आहे. पण तो पिवळ्या-नारिंगी प्रकाशाचेही थोडे शोषण करतो. हे दुबळे शोषण फ्रेंच संशोधक शाप्वी यांनी १८८० साली नोंदवले होते. दुपारी त्याचा परिणाम नगण्य असतो. संधिप्रकाशाच्या वेळी मात्र किरण ओझोनच्या थरातून आडवे जातात, त्यांची वाट कित्येक पटींनी लांबते, आणि नारिंगी भाग शोषला गेल्याने उरलेला प्रकाश निळा होतो. हल्बर्ट यांच्या गणिताप्रमाणे सूर्यास्ताच्या वेळी माथ्यावरील निळेपणात सुमारे दोन तृतीयांश वाटा ओझोनचा आणि एक तृतीयांश प्रकीर्णनाचा असतो. ‘आकाश निळे का’ या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर त्यामुळे दिवसापुरते पूर्ण आणि तिन्हीसांजेला अपुरे ठरते.

## संशोधनाचा इतिहास

आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८६९ साली काचेच्या नळीत बाष्पापासून अतिसूक्ष्म कण तयार करून त्यांतून प्रकाशझोत सोडला. कण लहान असेतो झोत बाजूने निळा दिसे; कण वाढत गेले की तो पांढरा होई. यावरून आकाशातही हवेत तरंगणारे बारीक कण हे काम करीत असावेत, असे टिंडल यांना वाटले. जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच पुढे लॉर्ड रॅले, यांनी १८७१ साली चौथ्या घाताचा नियम गणिताने सिद्ध केला. पण विखुरणारे कण नेमके कोणते, याचे उत्तर त्यांनाही तेव्हा मिळाले नव्हते.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ साली रॅले यांना पत्र लिहून हा प्रश्न पुढे नेला : हे काम हवेच्या रेणूंचेच असेल, तर आकाशाच्या प्रकाशावरून रेणूंविषयी काही अनुमान करता येईल काय? रॅले यांचे उत्तर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. धूळ अजिबात नसली तरी एकट्या हवेच्या रेणूंमुळे आकाश निळे दिसेल आणि ते आज दिसते त्याहून फारसे काळे नसेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. या लेखात एक भारतीय संदर्भही येतो. केवळ रेणूच असले तर हवा किती पारदर्शक असावी हे तपासताना त्यांनी दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे १०० मैलांवरील एव्हरेस्ट शिखर बऱ्यापैकी उजळ दिसते याचा उल्लेख केला. तरीही प्रत्यक्ष हवा गणितातल्याइतकी पारदर्शक नसते, कारण तिच्यात तरंगणारे इतर कण असतातच, हेही त्यांनी नोंदवले.

समुद्र निळा आहे म्हणून आकाश निळे, किंवा आकाश निळे म्हणून समुद्र निळा, अशी समजूत आजही ऐकू येते. पहिली सरळ चुकीची आहे. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या विदर्भातही आकाश तितकेच निळे असते. दुसरी समजूत रॅले यांचीही होती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली युरोपहून परतताना ‘नारकुंडा’ जहाजावरून केलेल्या निरीक्षणांत पृष्ठभागावर परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश वेगळा काढून टाकला, तरी पाण्याचा निळेपणा कायम राहिला. पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकीर्णनाचा हा अभ्यास त्यांना १९२८ च्या रामन परिणामापर्यंत घेऊन गेला.

## धूळ व धूर यांचा परिणाम

धुळीमुळे सूर्यास्त अधिक रंगतदार होतो, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कण तरंगलांबीहून बरेच लहान असतील तर ते रेणूंप्रमाणेच निळ्याची अधिक गाळणी करतात आणि तांबडेपणा वाढतो. कण मोठे असतील तर ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. आकाश पांढुरके होते आणि मावळतीचे रंग फिके पडतात. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी दिसणारे फटफटीत आकाश आणि पावसाने धूळ धुऊन नेल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसणारे गडद निळे आकाश यांतील फरक मुख्यतः यामुळेच असतो. हिवाळ्यात शहरी धुरक्यात सूर्य बहुधा क्षितिजापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तांबूस, निस्तेज होऊन विरून जातो.

कणांचा आकार तरंगलांबीच्या जवळपास आणि एकसारखा असेल, तर नियम उलटाही होऊ शकतो. इंडोनेशियातील क्राकाताऊ ज्वालामुखीचा ऑगस्ट १८८३ मध्ये महास्फोट झाला. त्यानंतर अनेक महिने जगभर सूर्यास्त विलक्षण तांबडे दिसत राहिले. पण सप्टेंबर महिन्यात श्रीलंका व मद्रास परिसरातून सूर्य हिरवा किंवा निळा दिसल्याच्या नोंदी आहेत. तेथे कणांनी तांबडा प्रकाशच अधिक गाळला होता. मंगळावर अशी स्थिती नेहमीची आहे. तेथील बारीक धुळीमुळे दिवसाचे आकाश पिवळट-तपकिरी असते आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर वलय दिसते. क्युरिऑसिटी या यानाने २०१५ साली अशा सूर्यास्ताची रंगीत छायाचित्रे पाठवली.

## प्रयोग

प्रकीर्णनाचा परिणाम घरी पाहता येतो. काचेच्या उंच, सरळ बाजूंच्या भांड्यात पाणी घेऊन अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा पांढरा झोत सोडावा आणि पाण्यात दुधाचा एकेक थेंब टाकून ढवळत जावे. काही थेंबांनंतर झोत बाजूने पाहता फिकट निळसर आणि समोरच्या टोकातून पाहता पिवळा दिसू लागतो. आणखी काही थेंब टाकले की समोरचा प्रकाश नारिंगी होतो.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. दूध जास्त पडले तर प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरून सर्व पाणी पांढरे होते, क्षितिजाजवळच्या आकाशासारखे. सायीचे, स्निग्ध दूध वापरले तर त्यातील स्निग्धांशाच्या गोलिका काही मायक्रोमीटर व्यासाच्या, म्हणजे मोठ्या असल्याने निळा रंग नीट उठत नाही. साय काढलेल्या दुधात प्रामुख्याने केसीन प्रथिनाचे बारीक कण उरतात. ते रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असले तरी निळ्याची निवड करण्याइतके लहान असतात. भांडे जितके लांब तितका समोरचा रंग तांबड्याकडे झुकतो. त्यासाठी दुधाचे प्रमाण न वाढवता लांबट मत्स्यपेटी वापरणे अधिक चांगले.